फॉर्म गेला, उत्तरं कुठे आहेत?

गूगलच्या मोफत खात्याला १५ जीबी जागा मिळते आणि ती भरत आली की लाल पट्टी दिसायला लागते. मग माणूस ड्राइव्ह उघडतो आणि दिसेल ते पुसत सुटतो. लग्नाचे व्हिडिओ ठेवतो आणि ‘Untitled form’ नावाची जांभळ्या चिन्हाची, कशाची ते आठवत नसलेली फाइल उडवतो. खरं तर फॉर्मची फाइल अगदी चिमुकली असते, ती पुसून जागेत काडीचाही फरक पडत नाही. पण त्या फाइलच्या पोटात दोनशे माणसांनी वेळ काढून भरलेली उत्तरं असू शकतात.

ती उत्तरं बहुतेक वेळा परत मिळतात. मात्र कुठे शोधायचं हे ठाऊक हवं आणि घाबरून भलतंच काही करायला नको. हा लेख गूगल फॉर्मबद्दलच आहे, कारण सोसायटीपासून शाळेपर्यंत आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यापासून वाचनालयापर्यंत आपल्याकडे सगळे तोच वापरतात.

एक उदाहरण धरून चालू. ठाण्यातली २४० सदनिकांची एक गृहनिर्माण संस्था आहे असं समजा. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, म्हणून नवी टाकी बांधायची का, कुठे बांधायची आणि प्रत्येक घर किती वर्गणी देईल हे विचारणारा फॉर्म सचिवांनी स्वतःच्या खात्यावरून तयार केला. सभासदांच्या ग्रुपवर लिंक टाकली. १८६ घरांनी तो भरला. उत्तरांची शीट खजिनदारांना शेअर केली होती. त्यांनी त्यात शेवटी स्वतःचा एक रकाना जोडला, ‘फोनवर बोललो’, आणि एकेका घराशी बोलून त्यात नोंदी केल्या. एके दिवशी सचिवांनी ड्राइव्ह साफ केला आणि फॉर्म गेला.

आता पहिला प्रश्न हा की नक्की काय गेलं. फॉर्म भरून ‘Submit’ दाबलं की उत्तर सगळ्यात आधी फॉर्ममध्येच साठतं. फॉर्मला शीट जोडलेली असेल तर त्याच उत्तराची एक प्रत शीटमध्ये नवी ओळ होऊन उतरते. हा प्रवास एकाच दिशेचा आहे. शीटमधली ओळ खोडली तर फॉर्ममधलं उत्तर जागच्या जागी राहतं. फॉर्ममधलं उत्तर पुसलं तरी शीटमधली ओळ तशीच राहते. म्हणजे शीट जोडलेली असेल तर उत्तरं दोन ठिकाणी असतात, आणि दोन्हीकडून एकदमच नाहीशी होणं तसं अवघड असतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आपल्या उदाहरणात फॉर्मची अख्खी फाइल पुसली गेली. असं झालं की ती थेट नाहीशी होत नाही, ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये जाते. भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवली असेल तर तिथे ‘Trash’ लिहिलेलं दिसतं, भारतीय किंवा ब्रिटिश इंग्रजी असेल तर ‘Bin’. ऑक्टोबर २०२० पासून गूगलचा नियम असा आहे की ट्रॅशमध्ये गेलेली फाइल ३० दिवसांनी आपोआप कायमची पुसली जाते. त्याआधी ती पडून असायची. बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून तीच जुनी सवय आहे, ‘आहे तिथे, काढू सावकाश’, आणि महिना उलटून जातो.

दुसरा धोका जास्त तातडीचा आहे. ट्रॅशमधल्या फाइलीसुद्धा त्या १५ जीबीत मोजल्या जातात. त्यामुळे जागेसाठी साफसफाई करणाऱ्याला लवकरच कळतं की पुसूनही जागा मोकळी झाली नाही, आणि तो ‘Empty trash’ दाबतो. म्हणून फॉर्म हरवल्याचं लक्षात आलं की पहिला फोन ज्याच्या खात्यावर फॉर्म होता त्याला करावा, आणि पहिलं वाक्य ‘ट्रॅश रिकामा करू नका’ हेच असावं.

त्याच खात्याने drive.google.com उघडून डावीकडच्या यादीतला ट्रॅश बघायचा. इथे लोक एका साध्या गोष्टीला अडखळतात. फॉर्मला दोन नावं असतात. एक आत मोठ्या अक्षरात दिसणारं शीर्षक, आपल्याकडे ‘पाण्याची टाकी – सभासदांचे मत’, आणि दुसरं ड्राइव्हमधलं फाइलचं नाव, जे डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतं. ते वरचं नाव कुणी दिलंच नसेल तर फाइल ‘Untitled form’ या नावानेच राहते. सचिव ट्रॅशमध्ये ‘पाणी’ शोधत बसले तर त्यांना काही सापडायचं नाही. त्यापेक्षा ड्राइव्हच्या शोधपट्टीत हे लिहावं:

```
type:form is:trashed
```

ट्रॅशमधले फक्त फॉर्म समोर येतात. संशयित फाइलवर राइट क्लिक करून ‘Restore’ दाबलं की ती मूळ जागी परत जाते. फोनवर ड्राइव्हच्या ॲपमध्ये डावीकडच्या मेनूतून ट्रॅश उघडून फाइलशेजारच्या तीन ठिपक्यांमधून हेच करता येतं. परत आलेला फॉर्म हा नवा फॉर्म नसतो, तीच फाइल असते. आतली उत्तरं आणि ग्रुपवर टाकलेली लिंक, दोन्ही जुनीच राहतात. नवी लिंक पाठवायची गरज नसते.

ट्रॅशमध्ये काहीच नसेल तरी फॉर्म गेला असं लगेच समजू नये. पुष्कळदा तो दुसऱ्याच खात्यावर असतो. फोनवर घरचं, ऑफिसचं आणि संस्थेचं अशी तीन खाती चालू असतात आणि फॉर्म कुठल्या खात्यावर केला हे विसरायला होतं. कोपऱ्यातलं गोल चित्र दाबून एकेक खातं तपासावं. ब्राउझरच्या हिस्ट्रीत docs.google.com/forms शोधलं तर संपादनाची जुनी लिंक सापडू शकते. तिच्या शेवटी edit असतं, सभासदांना पाठवलेल्या लिंकच्या शेवटी viewform. edit असलेली लिंक एकेका खात्यातून उघडून बघितली की मालक कोण ते बहुधा कळतं.

मालकी हा इथला कळीचा मुद्दा आहे. सचिवांनी फॉर्म खजिनदारांना संपादनासाठी शेअर केला असेल आणि खजिनदारांनी आपल्या ड्राइव्हमधून तो काढून टाकला, तर तो फक्त त्यांच्या नजरेआड होतो, सचिवांकडे शाबूत राहतो. उलट एखाद्याने सामायिक फोल्डरच उडवलं, तर त्यातली दुसऱ्यांच्या मालकीची फाइल कुठल्याच फोल्डरमध्ये नसलेली, अशी अधांतरी लटकून राहू शकते. ट्रॅशमध्ये नाही, माय ड्राइव्हमध्येही नाही. अशा फाइलीसाठी मालकाने शोधपट्टीत `is:unorganized owner:me` लिहावं. पुसली गेली म्हणून सोडून दिलेली फाइल इथे मिळू शकते.

आपल्या सोसायटीत मात्र आणखी एक घोळ झाला होता. लिंक चालत नाही अशी तक्रार आल्यावर खजिनदारांनी घाईघाईने तसाच दुसरा फॉर्म बनवला आणि जुन्याच शीटला जोडला. जुन्या शीटला नवा फॉर्म जोडला की त्याची उत्तरं जुन्या ओळींखाली येत नाहीत. शीटच्या तळाशी ‘Form Responses 2’ नावाचा वेगळा टॅब उघडतो आणि त्यात पडतात. दोन दिवसांत २३ जणांनी हा नवा फॉर्म भरला. मग सचिवांना जुना फॉर्म ट्रॅशमध्ये सापडला. आता दोन फॉर्म, दोन टॅब, आणि काही घरांची उत्तरं दोन्हीकडे.

अशा वेळी आधी नव्या फॉर्मचं उत्तरं स्वीकारणं बंद करावं, म्हणजे गोंधळ वाढत नाही. मग परत आणलेल्या जुन्या फॉर्ममध्ये ‘Responses’ वर गेलं की वर आकडा दिसतो. तो १८६ आहे. शीटमध्ये नवा टॅब उघडून त्यातल्या एखाद्या रिकाम्या चौकटीत हे लिहावं:

```
=COUNTA('Form Responses 1'!A2:A)
```

पहिल्या रकान्यात प्रत्येक उत्तराची तारीख-वेळ, म्हणजे ‘Timestamp’, असते, आणि हे सूत्र त्या नोंदी मोजतं. टॅबचं नाव तुमच्या शीटवर जसं असेल तसं घालावं. इथेही १८६ आले की जुनं सगळं शाबूत आहे. तिसरा टॅब करून त्याला ‘एकत्र’ नाव द्यावं, दोन्ही टॅबमधल्या ओळी तिथे फक्त मूल्यं म्हणून चिकटवाव्यात आणि सदनिका क्रमांकावर क्रम लावावा. एकाच घराच्या दोन ओळी एकाखाली एक येतात. नऊ घरं दोनदा आली, त्यातलं नंतरचं उत्तर ठेवलं, आणि २०० घरांचं मत हाती राहिलं. फॉर्मच्या मूळ टॅबमध्ये ही कापाकापी करू नये. तो कच्चा माल आहे, तसाच राहू द्यावा.

शेवटी सचिवांनी स्वतः जुन्या लिंकवरून एक चाचणी उत्तर भरून बघावं. ते फॉर्ममध्येही आलं आणि शीटच्या पहिल्या टॅबमध्येही उतरलं तर दोघांमधली जोडणी जिवंत आहे. मग ते चाचणी उत्तर दोन्हीकडून वेगवेगळं खोडावं लागतं, एकीकडे खोडून भागत नाही.

हा झाला फाइल हरवण्याचा प्रकार. दुसरा प्रकार जास्त दुखरा आहे, आणि त्यात ट्रॅश काहीच कामाचा नाही. फॉर्म जागेवर आहे, पण ‘Responses’ मध्ये शून्य. तिथल्या तीन ठिपक्यांखाली ‘Delete all responses’ असं एक बटण आहे. गेल्या वर्षीचाच फॉर्म यंदा वापरू म्हणून कुणीतरी ते दाबतं, आणि नंतर कळतं की गेल्या वर्षीचा हिशेब अजून व्हायचा होता. फॉर्ममधून अशी पुसलेली उत्तरं ट्रॅशमध्ये जात नाहीत, कारण ट्रॅश फाइलींसाठी असतो, फाइलच्या आतल्या मजकुरासाठी नसतो. फॉर्मच्या पडद्यावर ती परत आणायचा कुठलाही रस्ता नाही. इथे शीट हाच एकमेव आधार. ती जोडलेली असेल तर उत्तरं त्यात जशीच्या तशी असतात. ती ड्राइव्हमध्ये फॉर्मच्या नावापुढे ‘(Responses)’ लागलेल्या नावाने सापडते. फॉर्मला नाव दिलं नसेल तर ‘Untitled form (Responses)’ शोधावं.

शीटच ट्रॅशमध्ये गेली असेल तर तीही तशीच रिस्टोअर होते. शिवाय मालकाने शीट ट्रॅशमध्ये टाकली तरी कायमची पुसली जाईपर्यंत, ज्यांना ती शेअर केलेली आहे त्यांना उघडता येते आणि तिची प्रत काढता येते. मालक फोन उचलत नसेल तेव्हा हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एक मात्र आहे. फॉर्म जोडलेल्या शीटची प्रत काढली की फॉर्मचीही प्रत निघते. चुकून त्या प्रतीची लिंक सभासदांना गेली तर उत्तरं नव्याच ठिकाणी जमा होतात.

तिसऱ्या प्रकारात फॉर्म आणि त्यातली उत्तरं ठीक असतात, पण शीटची वाट लागलेली असते. कुणी ओळी खोडल्या, कुणी एकच रकाना निवडून क्रम लावला आणि ‘अ’ विंगच्या नावासमोर ‘क’ विंगची वर्गणी येऊन बसली. यावर एक सोपा उपाय आहे. फॉर्मच्या ‘Responses’ मध्ये जाऊन जुन्या शीटशी असलेली जोडणी ‘Unlink form’ ने तोडायची आणि नवी शीट जोडायची. फॉर्ममध्ये आजवर साठलेली सगळी उत्तरं त्या नव्या शीटमध्ये पहिल्यापासून उतरतात, स्वच्छ आणि क्रमवार.

पण या उपायाने खजिनदारांचा ‘फोनवर बोललो’ हा रकाना परत येत नाही. तो फॉर्मने कधी पाहिलेलाच नव्हता. तो फक्त जुन्या शीटमध्ये होता आणि परत मिळेल तर तिथूनच. त्यासाठी ती शीट उघडून ‘File’ मधून ‘Version history’ आणि मग ‘See version history’ असं जावं. उजवीकडे तारीख-वेळेनुसार जुन्या अवस्थांची यादी येते, प्रत्येकीखाली बदल करणाऱ्याचं नाव असतं. बिघाड होण्याआधीची अवस्था निवडली की शीट तेव्हा कशी होती ते दिसतं. हे बघायला संपादनाचा अधिकार लागतो, नुसतं बघण्याचा अधिकार असलेल्याला हा इतिहास दिसत नाही.

इथे ‘Restore this version’ दाबायचा मोह होतो, तो आवरावा. सोमवारची अवस्था परत आणली तर मंगळवार-बुधवारी खजिनदारांनी केलेल्या नोंदी जातात, आणि त्या दोन दिवसांत आलेल्या उत्तरांच्या ओळीही शीटमधून जातात. त्याऐवजी त्या अवस्थेशेजारच्या तीन ठिपक्यांमधून ‘Make a copy’ घ्यावं. जुनी अवस्था वेगळी शीट होऊन बाजूला मिळते, चालू शीटला धक्का लागत नाही. मग तिच्यातून हवा तो रकाना उचलून, तारीख-वेळेच्या रकान्यावरून ओळ जुळवून, नव्या शीटमध्ये आणायचा. दोनशे ओळींचं हे काम म्हणजे एखादी संध्याकाळ. दोघांनी बसून, एकाने वाचून दाखवत केलं तर चुका कमी होतात.

आता सगळ्यात अवघड परिस्थिती. तीस दिवस उलटले किंवा ट्रॅश रिकामा झाला, फॉर्म कायमचा गेला, हाती फक्त शीट आहे. तिच्यावरून फॉर्म पुन्हा उभा करता येतो, पण अर्धवट. प्रत्येक रकान्याचं शीर्षक म्हणजे एक प्रश्न, त्यामुळे प्रश्नांचा मजकूर मिळतो. चौकोनी कंसातला मजकूर असलेले एकसारखे रकाने शेजारी दिसले तर तो तक्त्याच्या रूपातला प्रश्न होता हे ओळखता येतं. पण जो पर्याय कुणीच निवडला नाही तो शीटमध्ये कुठेच नसतो. कुठला प्रश्न सक्तीचा होता, कुठल्या उत्तरानंतर कुठल्या विभागात जायचं होतं, प्रश्नाखाली काय सूचना होती, हेही शीट सांगत नाही. एकाहून जास्त पर्याय निवडायच्या प्रश्नांत आणखी एक अडचण असते. निवडलेले पर्याय एकाच चौकटीत स्वल्पविरामाने जोडून येतात. ‘मागील बाजूस, उद्यानाजवळ’ हा मुळात एकच पर्याय असेल तर तो दोन पर्यायांसारखा दिसतो, आणि मोजताना आकडे फुगतात. शिवाय जुनी उत्तरं नव्या फॉर्मच्या पडद्यावरून त्याच्या पोटात परत घालता येत नाहीत. ती शीटमध्येच राहतात, आणि नव्या फॉर्मची उत्तरं वेगळ्या टॅबमध्ये येतात.

फॉर्ममध्ये फोटो किंवा कागदपत्रं मागवली असतील तर त्या फाइली फॉर्मच्या पोटात नसतात. त्या मालकाच्या ड्राइव्हमध्ये, फॉर्मच्या नावापुढे ‘(File responses)’ असलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि शीटमध्ये फक्त त्यांची लिंक असते. शीट वाचली आणि ते फोल्डर पुसलं गेलं तर लिंकवर क्लिक करून काही उघडत नाही. म्हणून शीट सापडल्यावर दोन-चार लिंका उघडून बघाव्यात, आणि उघडत नसतील तर फोल्डरसाठीही ट्रॅश धुंडाळावा.

खातं शाळेचं, महाविद्यालयाचं किंवा कंपनीचं असेल तर थोडी जास्त मुदत मिळते. अशा संस्थांचा ॲडमिन, फाइल ट्रॅशमधूनही गेल्यानंतर २५ दिवसांपर्यंत ती परत आणू शकतो. त्यासाठी त्याला कुणाच्या खात्यातून आणि कुठल्या तारखांच्या दरम्यान पुसली गेली हे सांगावं लागतं, म्हणून अंदाजे तारीख लिहून ठेवलेली बरी. शिक्षक नोकरी सोडून गेले आणि त्यांचं खातंच बंद केलं गेलं, तर ते खातं २० दिवसांच्या आत ॲडमिनला परत सुरू करता येतं. फॉर्म सामायिक ड्राइव्हमध्ये असेल तर त्याचा ट्रॅश वेगळा असतो. स्वतःच्या ट्रॅशमध्ये शोधून उपयोग नाही, त्या ड्राइव्हच्या नावावर जाऊन त्याचा ट्रॅश उघडावा लागतो.

आणि शीट कधी जोडलीच नव्हती, फॉर्मही गेला, तर? आधी संगणकाचं ‘Downloads’ फोल्डर बघावं. फॉर्ममधून उत्तरं उतरवली की ती झिप फाइलमधल्या सीएसव्हीच्या रूपात येतात, आणि अहवालासाठी कुणीतरी कधीतरी ती उतरवलेली असू शकते. ग्रुपवर कुणी आलेखाचा स्क्रीनशॉट टाकला असेल तर निदान एकूण आकडे मिळतात. मालकाला येणाऱ्या ‘नवं उत्तर आलं’ अशा सूचनांच्या मेलवर भिस्त ठेवू नये, त्यात उत्तरं नसतात. पण उत्तराची प्रत भरणाऱ्याला पाठवायची सोय फॉर्ममध्ये चालू असेल, तर प्रत्येकाच्या मेलमध्ये त्याचं स्वतःचं उत्तर पूर्ण पडलेलं असतं. सभासदांना विनंती करून ते मेल एका पत्त्यावर मागवायचे आणि एकेक करून शीटमध्ये उतरवायचे. ज्यांचा मेल येणार नाही त्यांच्या दारावर कागद घेऊन जायचं.